यादीत नसलेली दोन नावं

आप्पा सुरतेच्या दवाखान्यात वारले. आमच्याकडे दुखणं हाताबाहेर गेलं की माणसाला नंदुरबारहून रेल्वेत घालून सुरतेला नेतात, तसं त्यांनाही नेलं होतं. खिडकीवर मृत्यूचा फॉर्म भरायला मीच उभी होते. भाऊ खाली गाडीची सोय बघत होता. खिडकीतला माणूस गुजरातीत विचारत होता, मी मराठीत सांगत होते आणि तो आपल्या सवयीनं लिहीत होता. त्यानं वडिलांच्या नावाला ‘भाई’ जोडलं, आजोबांच्या नावालाही जोडलं, आणि आजोबांचं नाव त्याला जसं ऐकू आलं तसं लिहिलं. मग कागद माझ्यापुढे सरकवला. मी पंचवीस वर्षं शाळेत मुलांच्या वह्या तपासते. तो कागद मात्र न वाचता सही करून परत दिला.

महिन्याभरानं भावाचा फोन आला. "तुझं आधार, पॅन आणि दोन फोटो घेऊन शहाद्याला ये. आप्पांची ठेव आणि लॉकर मोकळं करायचंय. दोन सह्यांचं काम आहे."

भाऊ माझ्याहून मोठा. प्रकाशाजवळच्या आमच्या गावी केळी आणि ऊस तोच बघतो. मी लग्नापासून नंदुरबारला. आम्ही तिघं होतो. धाकटा आठ वर्षांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात गेला. त्याच्याबद्दल पुढे सांगते, कारण बँकेतही त्याचं नाव शेवटीच निघालं.

शहाद्याच्या बँकेत दावे बघणाऱ्या मॅडम विदर्भातल्या होत्या, नुकत्याच बदलून आलेल्या. चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्यांजवळ धरून वाचायच्या. त्यांनी आधी मृत्यूचा दाखला पाहिला, मग आप्पांचं पासबुक, मग पुन्हा दाखला.

"‘भाई’चं एक वेळ चालवून घेता येईल. दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं प्रतिज्ञापत्र द्या. पण इथे त्यांच्या वडिलांचं नावच वेगळं आहे. हे दाखल्यात दुरुस्त करून आणा."

भावानं माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"आणि नॉमिनी?" भावानं विचारलं. "आप्पांनी नॉमिनी लावलेला होता, पावतीवरच लिहिलंय."

होता. ठेवीलाही आणि लॉकरलाही, दोन्ही ठिकाणी आमच्या मायचं नाव. माय चार वर्षांपूर्वी गेली. तिच्यामागे आप्पा दर सहा महिन्यांनी बँकेत जाऊन पासबुक भरून आणायचे, पण नाव बदलायचं त्यांना सुचलं नाही, की सुचूनही बदललं नाही, देव जाणे.

मॅडमनी समजावून सांगितलं. नॉमिनी हयात असता तर काम सोपं होतं. दावा अर्ज, मृत्यूचा दाखला, नॉमिनीची ओळखपत्रं, एवढ्यावर बँक पैसे देते. तरी तो नॉमिनी मालक होत नाही, वारसांच्या वतीनं घेतो. इथे नॉमिनीच नाही, तेव्हा सगळे वारस पुढे यायला हवेत. ठेवीची रक्कम बँकेच्या मर्यादेत बसत होती, म्हणून कोर्टाचं वारसा प्रमाणपत्र लागणार नव्हतं. पण वारसांत वाद नसेल तरच. एका कागदावर त्यांनी यादी लिहून दिली. आईच्या मृत्यूचा दाखला. सगळ्या वारसांची ओळखपत्रं. कुटुंबाला ओळखणाऱ्या पण वारस नसलेल्या माणसाचं, वारस कोण कोण हे सांगणारं प्रतिज्ञापत्र. हमीपत्र. जो वारस पैसे घेणार नाही त्याचं हक्कसोडपत्र. मूळ ठेव पावत्या, लॉकरची किल्ली, रेशनकार्डाची झेरॉक्स. लॉकरचं थकलेलं भाडं.

"किल्ली माझ्याकडेच आहे," भाऊ म्हणाला.

"असू द्या. आमची किल्ली लागल्याशिवाय ते उघडत नाही. आणि आता खातेदार वारल्याचं कळलंय, तेव्हा सगळ्या वारसांसमोर आणि साक्षीदारांसमोरच उघडेल."

भावाला मी वाईट म्हणणार आहे, म्हणून हेही सांगायला हवं, की दाखल्यासाठी तो तीनदा सुरतेला गेला. पहिल्यांदा दवाखान्याचं पत्र नाही म्हणून परत आला. दुसऱ्यांदा पत्र घेऊन गेला तर प्रतिज्ञापत्रावर नोटरीचा शिक्का फिकट. तिसऱ्यांदा भल्या पहाटे नंदुरबार स्टेशनवर येऊन बसला, डब्यातून भाकरी नेली, दिवसभर महानगरपालिकेच्या ओट्यावर बसून दुरुस्त दाखला घेऊन आला. चूक माझी होती. एकदाही तो मला बोलला नाही. ऊस तोडणीला आलेला, मजूर मिळत नव्हते, तरी नाही. तो माणूस कष्टाला कधी मागे सरला नाही, आणि त्यामुळेच घरात त्याच्या शब्दापुढे कुणी बोलायचं नाही.

दाखला आला तसं त्यानं पुन्हा बोलावलं. तहसीलच्या आवारात लिंबाखाली नोटरीचं टेबल होतं. आमच्या गल्लीतले निवृत्त ग्रामसेवक काका प्रतिज्ञापत्र करायला आले होते. मी त्यांना लहानपणापासून ओळखते, तेही आम्हाला. टाइप केलेला कागद टेबलावर होता. त्यात लिहिलं होतं, मयताची पत्नी आधीच मयत, मयताला वारस दोन, एक मुलगा आणि एक विवाहित मुलगी. याखेरीज अन्य कोणीही वारस नाही.

माझं हक्कसोडपत्रही टाइप होऊन तयार होतं. मला विचारलं नव्हतं. वडिलांच्या ठेवीतला माझा हिस्सा मी भावाच्या लाभात राजीखुशीने सोडत आहे, असं त्यात होतं. राजीखुशीने हा शब्द ठळक होता. सोडलाही असता मी हिस्सा, आमच्याकडे बहिणी सोडतात, आणि मला पगार आहे. पण विचारायला हवं होतं.

मी विचारलं ते वेगळंच. "धाकट्याचं?"

भाऊ नोटरीकडे पाहत म्हणाला, "तो आप्पांच्या आधी गेला. मेलेल्याला कसला हिस्सा?"

"त्याची बायको आहे. पोर आहे."

"माहेरी गेल्यापासून ती कधी या घरी आली? आप्पा आजारी होते तर बघायला आली? माय गेली तेव्हा दारात उभी राहून निघून गेली. आता पैशासाठी येईल?"

मायच्या वेळी ती दारात उभी राहिली, कारण तिला आत या असं कुणी म्हणालं नाही. मीही नाही. मी आतल्या खोलीत बायकांमध्ये बसले होते आणि खिडकीतून तिची साडी दिसत होती.

काका टोपी काढून डोकं पुसत बसले होते. त्यांना सगळं ठाऊक होतं. धाकट्याच्या वरातीत तेच पुढे नाचले होते. "तुम्हा भावाबहिणींना मान्य असेल तर मी काय बोलू," ते म्हणाले आणि त्यांनी सही केली. मग मी हक्कसोडपत्रावर सही केली. नोटरीनं शिक्का मारला, तो या वेळी गडद उमटला.

आता धाकट्याचं सांगते.

तो गेला तेव्हा त्याची बायको, माझी धाकटी वहिनी, अठ्ठावीस वर्षांची होती आणि पोर आठ वर्षांची. तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मायनं वहिनीचे दागिने काढून घेतले. घरात एकटी बाई, सोनं अंगावर कशाला, आप्पा लॉकरमध्ये ठेवतील, तुझंच आहे, असं सांगून. तिच्या माहेरून आलेल्या दोन पाटल्या, गोफ, कानातले झुबे. आमच्या घरून घातलेली पोत. पोरीचे चांदीचे वाळे. मायनं ते सगळं जुन्या लुगड्याच्या पदरात बांधलं. आप्पांबरोबर बँकेत मी गेले होते, कारण त्यांना चार पायऱ्या चढताना हात लागायचा. गाठोडं माझ्या पर्समधून गेलं.

त्यानंतर वर्षभर वहिनी घरात राहिली. धाकट्याच्या वाटणीच्या शेताबद्दल तिच्या वडिलांनी एकदा विषय काढला आणि घरातलं वातावरण फिरलं. मी सुटीत जायची तेव्हा बघायची. तिचं ताट वेगळं, मग चूल वेगळी, मग तिच्याशी बोलणंच बंद. एके दिवशी ती पोरीला घेऊन सारंगखेड्याला माहेरी गेली. दागिने मागायला तिचे वडील आले, तर त्यांना सांगितलं की धाकट्याच्या दवाखान्याचं बिल भरायला सगळं मोडलं. धाकटा दवाखान्यापर्यंत पोचलाच नव्हता. तो रस्त्यातच गेला होता. हे त्या म्हाताऱ्यालाही माहीत होतं आणि आम्हालाही. तो उठून गेला.

त्या दिवशी मी तिथे होते. चहा मीच केला होता.

बँकेत आम्ही गुरुवारी गेलो. भाऊ, मी आणि काका. मॅडम एकेक कागद वाचत होत्या. आप्पांचा दाखला, मायचा दाखला, प्रतिज्ञापत्र, हमीपत्र, माझं हक्कसोडपत्र. प्रत्येकावर पेन्सिलीनं बारीक खूण. मग रेशनकार्डाची झेरॉक्स हातात घेतली आणि चष्मा वर सरकवला.

झेरॉक्स भावानंच लावली होती, यादीत होती म्हणून. जुन्या कार्डाची होती ती. त्यावर आप्पा, माय, भाऊ, त्याची बायको, त्याची मुलं आणि खाली तीन नावं, त्यांच्यावर आडवी रेघ. कार्डावर ती रेघ तांबड्या शाईची आहे, झेरॉक्समध्ये काळी आली होती. रेघेखालची अक्षरं नीट वाचता येत होती.

"ही तीन नावं कुणाची?" मॅडमनी विचारलं.

भाऊ म्हणाला, "धाकटा भाऊ. वारला आठ वर्षांमागे."

"आणि या दोन?"

"त्याची बायको, मुलगी. त्या माहेरी गेल्या. तिनं दुसरं घर केलं."

मॅडमनी प्रतिज्ञापत्र पुन्हा वर घेतलं. "काका, हे तुम्ही लिहून दिलंय. अन्य कोणीही वारस नाही."

काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आधी वारलेल्या मुलाची बायको आणि मुलगी, दोघीही वारस असतात. त्या मुलाचा जो हिस्सा झाला असता तो त्या दोघींचा. आईनं दुसरं लग्न केलं तरी मुलगी मुलगीच राहते. तुमच्या त्या वहिनीनं खरंच लग्न केलंय? तसा काही कागद?"

"नाही केलं," मी म्हणाले.

मला अजूनही कळत नाही मी ते का बोलले. मला धैर्यवान म्हणायला कुणी असेल तर सांगते, त्या क्षणी मला तुरुंग आठवला होता. स्टॅम्प पेपरवर खोटं लिहिणं हा गुन्हा, माझी नोकरी, माझं निवृत्तीवेतन. वहिनी आठवली ती नंतर. "तिनं लग्न केलेलं नाही. सारंगखेड्याला असते. अंगणवाडीत मदतनीस आहे. पोर सोळा वर्षांची आहे."

मॅडमनी सगळे कागद एकत्र करून भावाच्या हातात दिले. आवाज चढवला नाही. "हे मी जमा करून घेतलेलं नाही, तेव्हा हे मी पाहिलेलंही नाही. नवं प्रतिज्ञापत्र करा, चारही वारसांचं. धाकट्या भावाच्या मृत्यूचा दाखला लागेल. मुलगी अठराच्या आतली, म्हणजे अज्ञान आहे, तिच्या वतीनं तिची आई सही करेल. आणि एक लक्षात ठेवा, अज्ञान मुलीचं हक्कसोडपत्र आम्ही घेत नाही. आई म्हणाली तरी घेत नाही."

बाहेर पायऱ्यांवर भाऊ थांबला. मला वाटलं ओरडेल. तो हळू बोलला, आणि आमच्या घरच्या बोलीत. "तीनदा सुरतले गऊ मी. तुन्ही चूक व्हती. एक शब्द बोलनू का?" मग फाइल माझ्या हातात दिली. "आते तूच जाय. तूच आन तिले."

पुढच्या रविवारी मी सारंगखेड्याला गेले. वहिनीचं माहेरघर नदीकडच्या बाजूला आहे. तिचे वडील दोन वर्षांपूर्वी वारल्याचं मला तिथे गेल्यावर कळलं. भिंतीवर हार घातलेला फोटो होता. भाऊबंद शेजारच्या घरात, या दोघी मागच्या दोन खोल्यांत.

वहिनीनं मला ओळखून पाट मांडला. पाणी दिलं. बसली नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. पोर अभ्यासाचं पुस्तक घेऊन आतून डोकावली आणि आईकडे बघू लागली.

"फुई शे तुन्ही," वहिनी तिला म्हणाली. फुई म्हणजे आत्या. "पाया पड."

पोर पाया पडली. कपाळ अगदी धाकट्याचं. मी पर्स उघडली, शंभराची नोट काढली आणि परत आत ठेवली. लाज वाटली.

मी सगळं सांगितलं. ठेव, लॉकर, नॉमिनी, चार वारस, कोणत्या कागदाला कोणाची सही. शाळेत धडा समजावून सांगते तसं सांगत गेले, कारण तसं बोलताना दुसरं काही बोलावं लागत नाही. वहिनी ऐकत होती. मध्येच आत गेली आणि प्लास्टिकमध्ये घातलेला धाकट्याच्या मृत्यूचा दाखला घेऊन आली. निराधार पगाराच्या कामासाठी तो तिला दरवर्षी लागतो. आमच्या घरात त्याची एक झेरॉक्सही नव्हती.

"लॉकरमधी काय शे, ताई?" तिनं विचारलं.

मी फाइलमधले कागद सारखे करू लागले.

"तुमले माहीत शे का?"

"माहीत आहे," मी म्हणाले. "तुझं आहे सगळं. मोडलेलं नाही. मीच नेऊन ठेवलं आप्पांबरोबर."

 बाहेर कुणाची तरी म्हैस रेकत होती. पोरीनं पुस्तक मिटलं. मग वहिनी बोलली, आणि या वेळी माझ्यासारख्या शिकलेल्या बोलीत, परक्याशी बोलावं तसं. "माझे वडील म्हणायचे, एकदा तरी खरं सांगतील. शेवटच्या दुखण्यात म्हणत होते. त्यांच्या हातच्या पाटल्या होत्या त्या, कापूस विकून केलेल्या. तुम्ही तेव्हा चहा आणून दिला होता त्यांना."

"हो."

"तेव्हाही माहीत होतं?"

"हो."

 गुरुवारी बँकेत येईन म्हणाली. मी उठले, तर पोरीनं माझी विसरलेली फाइल उचलून दिली.

लॉकर उघडायच्या दिवशी बँकेच्या आतल्या खोलीत आम्ही दाटीवाटीनं उभे होतो. भाऊ, मी, वहिनी, मॅडम, किल्ल्या सांभाळणारा कर्मचारी आणि दोन साक्षीदार. एक आमचे काका, दुसरे समोरच्या कापड दुकानाचे मारवाडी शेठ. पोरीला बाहेर बाकावर बसवलं होतं. भाऊ आणि वहिनी एकमेकांकडे बघत नव्हते. तिनं डोक्यावर पदर घेतला होता, जेठासमोर, थोरल्या दिरासमोर, घ्यायचा तसा.  आठ वर्षांनंतरही तिनं रीत सोडली नव्हती, आणि आम्ही तर तिचं नाव रेघ मारून काढलं होतं.

आधी बँकेची किल्ली फिरली, मग आप्पांची. पत्र्याची पेटी टेबलावर आली. वर शेताचे जुने कागद, खाली मायची डबी, तळाला ते लुगड्याचं गाठोडं. गाठ मायनं मारली होती तशीच होती.

मॅडम एकेक वस्तू उचलत आणि लिहीत. त्या वाचायच्या, कर्मचारी पुन्हा म्हणायचा.

"पिवळ्या धातूच्या पाटल्या, दोन."

"दोन."

"पिवळ्या धातूचा गोफ, एक."

"एक."

"सोन्याचा," वहिनी म्हणाली.

मॅडम थांबल्या. "बाई, ते सोनं आहे की नाही हे बँक ठरवत नाही. आम्ही सगळ्यांचंच असं लिहितो."

"पांढऱ्या धातूचे लहान वाळे, एक जोडी," त्यांनी पुढे लिहिलं. वहिनीनं ते वाळे हातात घेतले नाहीत, नुसता त्यांच्याकडे हात केला आणि परत घेतला. काका भिंतीकडे तोंड करून उभे होते.

यादी पूर्ण झाली. सह्या करायच्या होत्या. वहिनी म्हणाली, "मॅडम, हे गाठोड्यातलं माझं आहे. आमच्या सोनाराची पावती माझ्याकडे आहे. तसं लिहा."

भाऊ पहिल्यांदा बोलला. "लॉकर आप्पांचं. जे आत आहे ते आप्पांचं. सगळ्याचे तीन वाटे."

"आप्पांनी काय पाटल्या घातल्या होत्या?" वहिनी म्हणाली. ती भावाकडे बघत होती, पदर तसाच.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. बँक फक्त काय निघालं हे लिहिते, कुणाचं आहे हे लिहीत नाही. वारसांत वाद असेल तर वस्तू परत लॉकरमध्ये जातील आणि तुम्ही कोर्टातून हुकूम आणायचा, ठेवीचंही तेच. त्या सगळं शांतपणे सांगत होत्या. रोज कुणाला तरी सांगावं लागत असेल.

मी म्हणाले, "या वस्तू तिच्या आहेत. मी साक्ष देते. मीच ठेवल्या होत्या."

"तू गप ऱ्हाय," भाऊ म्हणाला.

कुणीच मागे हटलं नाही. किती वस्तू निघाल्या एवढ्यापुरत्या सह्या झाल्या आणि पेटी परत आत गेली. गाठोडं मॅडमनी पुन्हा बांधलं, गाठ वेगळी बसली.

चार महिने काही हललं नाही. या चार महिन्यांत मी एक केलं. माझं हक्कसोडपत्र रद्द धरा असं बँकेत जाऊन लिहून दिलं. ते बँकेनं जमा करून घेतलेलं नव्हतं आणि पैसेही अजून कुणाला दिलेले नव्हते, म्हणून तसं करता येत होतं. माझा हिस्सा पोरीच्या शिक्षणाला देईन असं मनाशी ठरवलं आणि स्वतःला फार बरं वाटून घेतलं. भावाला हे कळलं तेव्हा त्यानं माझा फोन उचलणं बंद केलं.

शेवटी तडजोड झाली ती काकांमार्फत. ते दोन्हीकडे फेऱ्या मारत राहिले. त्यांनाही काही फेडायचं होतं. भावाला ठिबकचं काम करायचं होतं, पैसे अडकलेले परवडत नव्हते. ठरलं ते असं: माहेरून आलेलं तिचं तिला, पोरीचे वाळे पोरीला. सासरहून घातलेली पोत आणि मायची डबी भावाकडे. ठेवीचे तीन समान वाटे. नवं प्रतिज्ञापत्र झालं, त्यात वारस चार लिहिले. कागद पूर्ण झाल्यावर बँकेनं पंधरा दिवसांत काम करून दिलं.

पोत वहिनीच्या नवऱ्यानं तिच्या गळ्यात घातलेली होती. पण सोनं आमच्या घरचं, हा भावाचा मुद्दा. तिनं त्यावर वाद घातला नाही. पावतीवर सही करताना एवढंच म्हणाली, "ती तुमच्याकडेच असू द्या. तुमच्या घरात त्याची आठवण म्हणून काही तर राहील."

पैसे खात्यात आले त्या दिवशी बँकेतून निघाल्यावर मी तिला स्टँडवर गाठलं. माझा वाटा पोरीच्या नावानं ठेवते म्हणाले. तिनं कापडी पिशवी, पाटल्या होत्या ती, पोरीच्या हातातून आपल्या हातात घेतली.

"नको, ताई. तिचं तिला मिळालं."

"मी आत्या आहे तिची."

पोर मध्येच बोलली. "फुई, आमच्या आजोबांनी तुमच्या घरचा चहा घेतला होता ना त्या दिवशी?"

 खरं तर मला आठवत नव्हतं त्यांनी तो प्यायला की तसाच ठेवला.

"आई म्हणते, घेतला होता," पोर म्हणाली. "कुणाच्या दारातून काही न घेता तसंच उठू नये म्हणून."

सारंगखेड्याची गाडी लागली होती. दोघी चढल्या. मी फाइल छातीशी धरून उभी राहिले. तिच्यात आता फक्त झेरॉक्स उरल्या होत्या.

माझा वाटा माझ्या खात्यात पडून आहे. भावानं ठिबक केलं, केळी चांगली आली असं काकांकडून कळलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी जातात. यंदा माझी वाट बघणारं तिकडे कुणी नव्हतं, बोलावणं आलं नाही. नवऱ्यानं विचारलं, जायचं नाही का? मी सांगितलं, उन्हात कुठे जायचं. दुपारभर घरी बसले, पुरणपोळी केली नाही.